अरबीत छोटा वादनिबंध: वाक्यं बरोबर, तरी सर म्हणतात "सुटी सुटी"

वाळवंटी_वारकरी
मंडळी, अबुधाबीत बांधकामाच्या साइटवर सुरक्षेचं काम बघतो आणि संध्याकाळी अरबीच्या वर्गाला जातो. परीक्षेत दीडशे शब्दांचा निबंध असतो: एक मत मांडायचं, त्याला पुरावा द्यायचा, निष्कर्ष काढायचा. सरावासाठी रोजच्या कामातलाच विषय घेतला. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवावं लागतं. माझं म्हणणं, ही बंदी वाढवायला हवी.

सर सीरियाचे आहेत. वही परत आली तेव्हा व्याकरणाच्या खुणा अगदी थोड्या, पण खाली लाल शाईत शेरा: "अल-जुमल मुफक्कका". वाक्यं सुटी सुटी आहेत म्हणे. निबंधाचा मराठी मथितार्थ असा:

"दुपारची बंदी वाढवली पाहिजे. ऊन फार असतं. कामगार सहाला येतो. साडेबारापर्यंत थकतो. कतारमध्ये बंदी दहाला सुरू होते. कंत्राटदार म्हणतात काम लांबतं. हे बरोबर नाही. म्हणून बंदी वाढवली पाहिजे."

वर्गाच्या भिंतीवर जोडशब्दांची मोठी यादी लावली आहे. त्यातला कुठला शब्द कुठे घालायचा, हे कोणी सांगेल का?

बटाटावडा_७७
आमच्या सोसायटीची नोटीस अशीच असते. "पाणी येणार नाही. टाकी धुणार. सहकार्य करावे." सेक्रेटरींना तुमच्या वर्गात पाठवू का?

तर्जुमाताई
वारकरीभाऊ, यादी तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या निबंधात दोनच अक्षरं नाहीत, व आणि फ.

मराठीत प्रत्येक वाक्य "आणि"ने सुरू केलं तर शाळेत बाई खोडायच्या. अरबीत उलट आहे. तिथे परिच्छेदातलं पहिलं वाक्य सोडलं की जवळजवळ प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला काहीतरी धरून येतं, निदान "व" तरी. नुसता पूर्णविराम देऊन पुढचं वाक्य कोरं सुरू केलं की अरबी वाचकाला वाटतं इथे विषय बदलला. आज दिसतात ती विरामचिन्हं अरबीत रुळली विसाव्या शतकात. इजिप्तच्या अहमद झकी पाशांनी त्यांचे नियम १९१२ साली मांडले. त्याआधी शेकडो वर्षं वाक्य कुठे संपलं आणि पुढच्याशी त्याचं नातं काय, हे सांगायचं काम या अक्षरांकडेच होतं. सवय अजून गेलेली नाही.

आता "फ". वादनिबंधाचं सगळं ओझं हे एक अक्षर उचलतं, आणि ते दोन्ही दिशांना चालतं. "इश्तद्दल-हर्रु फतवक्कफल-अमल", म्हणजे ऊन वाढलं, त्यामुळे काम थांबलं. इथे फ नंतर परिणाम आला. पण "ला तख्रुज अल-आन, फल-हर्रु शदीद", म्हणजे आत्ता बाहेर जाऊ नकोस, ऊन कडक आहे. इथे फ नंतर कारण आलं. ओळखायचं कसं? फ नंतर भूतकाळी क्रियापद असेल तर बहुधा परिणाम, नाम असेल तर बहुधा कारण. अगदी पक्का नियम नाही, पण दीडशे शब्दांना पुरतो.

म्हणजे दावा केलात की पुढचं वाक्य "फ" आणि नामाने सुरू करा. वाचक आपोआप समजतो की आता पुरावा येतोय. "याचं कारण असं की" वगैरे वेगळं लिहायची गरज उरत नाही.

इंजिनिअर_आई
बरं झालं हा धागा निघाला. माझा मुलगा इथे दुबईत आठवीत आहे, नववीपर्यंत अरबी सक्तीचं. त्याची अक्षरं फार वाईट आहेत. अरबी सुलेखनाची चांगली वही कुठे मिळेल? आणि तो "व" लिहिला की पुढे मोकळी जागा सोडतो, बाई दर वेळी गोल करतात. का ते कळत नाही.

तर्जुमाताई
ताई, वहीचं ठाऊक नाही. पण बाईंचं बरोबर आहे. वाव पुढच्या शब्दाला चिकटून लिहायचा, मध्ये जागा नाही. फ तर जोडलाच जातो.

बटाटावडा_७७
म्हणजे व आणि फ कितीही घाला, शब्दसंख्येत फुकट! दीडशेच्या मर्यादेत ही सवलत आम्हाला दहावीला का नव्हती?

दाभोळचे_चाचा
वारकरी बेटा, ताईंनी सांगितलं ते शंभर टक्के. मी लहानपणी मदरशात नह्व, म्हणजे अरबी व्याकरण शिकलो, मग बरीच वर्षं कुवेतमध्ये नोकरी केली. जाहिझ या जुन्या अरबी लेखकाने एका इराण्याचं उत्तर नोंदवून ठेवलंय. बलागत, म्हणजे प्रभावी भाषा, म्हणजे नेमकं काय असं विचारल्यावर तो म्हणाला, फस्ल आणि वस्ल ओळखणं. कुठे तोडायचं आणि कुठे जोडायचं, बस.

पण ताईंनी अर्धंच सांगितलं, जोडायचं. तोडायचं कधी? दुसरं वाक्य पहिल्याचंच दुसऱ्या शब्दांत सांगत असेल तर मध्ये "व" नको. "हा नियम अपुरा आहे, कामगाराला वाचवत नाही" अशी दोन वाक्यं तू एकच गोष्ट ठसवायला लिहिलीस तर व न घालता लाग. व घातलास तर वाचक दुसरी गोष्ट शोधत बसेल.

कोथरूडची_केतकी
मी फ्रेंच शिकते, पण तुलनात्मक लेखनपद्धतीवर थोडं वाचलंय. रॉबर्ट कॅप्लन यांच्या १९६६ च्या लेखात वेगवेगळ्या भाषकांच्या परिच्छेदांच्या आकृत्या आहेत. इंग्रजी सरळ रेघ, आणि अरबीसारख्या भाषांची नागमोडी, समांतर जाणारी. अरबी माणूस दावा-पुरावा-निष्कर्ष असं लिहीतच नाही, तेच तेच घोळवून सांगतो. मग सरळ रेघेचा निबंध लिहून सर खूश कसे होणार? मी तर म्हणते तुम्ही दावाच तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत लिहा.

तर्जुमाताई
केतकी, कॅप्लन यांनी पाहिले होते ते परदेशी विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध. त्यावरून अरबी लेखनाबद्दल एवढं ठाम बोलता येत नाही, आणि त्यांनी स्वतः पुढे ती मांडणी बरीच सौम्य केली. तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढंच: अरबी अग्रलेखात मुद्दा पुन्हा मांडणं हा दोष मानत नाहीत, आणि पुष्कळ अग्रलेख विरोधकाला मधे बोलूच देत नाहीत. दावा, मग आधार, मग आणखी आधार. रोज अनुवादाला येणाऱ्या मजकुरात मी हेच बघते. पण परीक्षेच्या निबंधात बहुतेक शिक्षक विरोधी मताला एक-दोन वाक्यं मागतात. वारकरीभाऊंनी कंत्राटदार आणलाच आहे, त्याला हाकलू नका.

कोथरूडची_केतकी
ठीक, पण "घोळवून सांगणं" पूर्ण चुकीचं नाही एवढं तरी मान्य झालं.

अवांतर_आजोबा
मला अरबी येत नाही. चाळीस वर्षं वकिली केली, तेवढ्या आधारावर बोलतो. जुन्या अर्जांत आम्ही "सबब" लिहून मागणीवर यायचो, तो शब्दही तिकडचाच, तेव्हा थोडा हक्क पोचतो.

वारकरी, तुमची खरी गडबड जोडशब्दांची नाही. कतारचा दाखला तुम्ही कशाच्या पुष्ट्यर्थ देताय? कतारने वेळ वाढवली यावरून कामगाराला ऊन बाधतं हे सिद्ध होत नाही. वेळ वाढवता येते, एवढंच सिद्ध होतं. म्हणजे तो पुरावा तुमच्या दाव्याखाली नको, कंत्राटदाराच्या हरकतीला उत्तर म्हणून हवा. दाव्याखाली कामगार किती तास उन्हात असतो ते घाला. आणि "हे बरोबर नाही" हे उत्तर कुठल्याही कोर्टात चालत नाही.

वाळवंटी_वारकरी
आजोबा, हे डोक्यातच आलं नव्हतं. काल रात्री पुन्हा लिहिलं. सगळं अरबी इथे देत नाही, सांधे तेवढे अरबीत आणि बाकी मराठीत. "अरा अन्ना" म्हणजे "मला वाटतं की":

"अरा अन्ना दुपारची बंदी वाढवायला हवी, हैथु ऊन साडेबाराच्या आधीच चढलेलं असतं. व कामगार सहाला येतो, फ साडेबारापर्यंत थकतो. व अलावतन अला झालिक, कंत्राटदार म्हणतात काम लांबतं. लाकिन्ना काम रात्री करता येतं. व मअ झालिक कतारमध्ये बंदी दहा ते साडेतीन असते. व फिल-खिताम, बंदी वाढवायला हवी."

बटाटावडा_७७
अन्ना, इन्ना, लाकिन्ना... माटुंग्याला इडली खायला आल्यासारखं वाटतंय.

दाभोळचे_चाचा
हैथु काढ! हैथु म्हणजे "जिथे". जागा दाखवणारा शब्द आहे, त्याला कारण सांगायला लावणं ही वर्तमानपत्रवाल्यांची खोड. कारणासाठी लिअन्ना आहे, इझ आहे.

तर्जुमाताई
चाचा, मूळ अर्थ तुम्ही म्हणता तोच. पण "हैथु इन्ना" कारणासाठी आज सरकारी पत्रांत, बातम्यांत, विद्यापीठाच्या प्रबंधांतही सर्रास असतं. त्याला चूक म्हणून खोडायचं तर रोजचा अर्धा पेपर खोडावा लागेल.

दाभोळचे_चाचा
मग खोडा अर्धा पेपर.

तर्जुमाताई
बरं, हा वाद इथे मिटणार नाही. परीक्षेपुरतं वारकरीभाऊंनी लिअन्ना वापरावं, त्यावर कोणाची हरकत नाही.

त्याहून मोठ्या दोन गोष्टी मात्र बघा. "अलावतन अला झालिक" म्हणजे "शिवाय". हा शब्द आपल्याच बाजूला आणखी एक वजन टाकतो. तुम्ही तो कंत्राटदाराच्या आधी लावलात, त्यामुळे वाचकाला वाटलं कंत्राटदारही बंदी वाढवा म्हणतोय, आणि पुढच्या ओळीत तो अडखळला. तसंच "मअ झालिक" म्हणजे "तरीही". कतारचा दाखला तुमच्या बाजूचा असताना त्याच्याआधी "तरीही" आलं, म्हणजे तुम्ही स्वतःलाच काटशह दिलात. भिंतीवरच्या याद्यांमुळे हे होतं. "अर्थ: आणखी, शिवाय, तरी" असं शेजारी लिहिलेलं असतं, पण वाद कुठल्या बाजूला सरकतो ते लिहिलेलं नसतं.

विरोधकाला आणायची वाट ठरलेली आहे: "व कद यकूलु काइलुन इन्ना", कोणी असं म्हणेल की. इथे कद नंतर वर्तमानकाळी क्रियापद आलं म्हणून "कदाचित". भूतकाळी घातलंत, "कद काला", तर "म्हणालाच आहे" होतं. आणि काला-यकूलु नंतर इन्ना, अन्ना नव्हे. मग त्याचं थोडं मान्य करा, "सहीहुन अन्ना", आणि लगेच "लाकिन्ना" लावून परत आपल्याकडे या. सहीहुन उघडलं आणि लाकिन्ना आलंच नाही, तर निबंध कंत्राटदार जिंकतो.

अरबी मूळ बघितलेलं नाही, पण एक शंका आहे. अन्ना आणि लाकिन्ना नंतर तुम्ही थेट क्रियापद लिहिलंय का? मराठीतून विचार केला की तसं होतं.

वाळवंटी_वारकरी
ताई, लाकिन्ना नंतर "युम्किनु" लिहिलंय. तिथेच लाल खूण आहे, आत्ता उलगडा झाला.

दाभोळचे_चाचा
अन्ना, इन्ना, लिअन्ना, लाकिन्ना ही सगळी भावंडं. यांच्यामागे नाम लागतं, नाहीतर सर्वनाम चिकटवायचं. लाकिन्नहू युम्किनु. आणि नाम आलं तर ते नस्बमध्ये, म्हणजे शेवटी जबर, "अ"चा उच्चार. अल-हर्रु नाही, अल-हर्र.

इंजिनिअर_आई
मुलाला शाळेतून असे तयार साचे दिले आहेत, सात-आठ जोडशब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये फक्त विषय भरायचा. मागच्या वेळी "माझा आवडता प्राणी" यातही त्याने "कोणी असं म्हणेल की" घातलं. कोण म्हणणार होतं मांजराविरुद्ध?

बटाटावडा_७७
उंदीर.

अवांतर_आजोबा
वारकरी, एक उलटतपासणी. कतारचा दाखला देऊन बंदी साडेबाराऐवजी दहाला सुरू करा असंच सुचवता. का दहा? अकरा का नाही? तुमच्या दाव्यात आकडा आहे आणि आकड्याला आधार नाही.

वाळवंटी_वारकरी
आजोबा, प्रश्न एकदम वर्मी बसला, कारण याचं उत्तर माझ्या कामातच आहे. आमच्याकडे एक यंत्र असतं. ते तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा मिळून उष्णतेचा एक आकडा देतं. किनाऱ्याजवळ दमट दिवशी तो सकाळी नऊलाच नको तेवढा चढतो, आणि कोरड्या दिवशी त्याच तापमानाला बराच खाली राहतो. कतारच्या २०२१ च्या नियमात १ जून ते १५ सप्टेंबर दहा ते साडेतीन बंदी आहेच, शिवाय हा आकडा ३२.१ च्या वर गेला की कुठल्याही वेळी काम थांबवायचं असंही आहे. म्हणजे माझा दावाच बदलायला हवा. तास वाढवा असं न म्हणता घड्याळाऐवजी आकडा बघा असं म्हणायचं.

तिसरा मसुदा, यात "अला सबीलिल-मिथाल" म्हणजे "उदाहरणार्थ":

"अरा अन्ना दुपारची बंदी घड्याळावर नव्हे तर उष्णतेच्या आकड्यावर ठरावी, व झालिका लिअन्नल-हर्र साडेबाराची वाट बघत नाही. फल-आमिल, जो सहाला कामावर येतो, तो बंदी सुरू होण्याआधीच साडेसहा तास उन्हात असतो. व कद यकूलु काइलुन इन्ना अशाने प्रकल्प रखडतील. सहीहुन अन्ना दिवसाचे तास कमी होतात, लाकिन्नल-अमल पहाटे आणि रात्री हलवता येतं. फकतर, अला सबीलिल-मिथाल, २०२१पासून आकडा ३२.१ च्या वर गेला की काम थांबवते, व मअ झालिक २०२२ चा विश्वचषक तिथे झालाच. व अलैहि, फइन्ना आकडा पाहून काम थांबवणं कामगाराच्या हिताचं आहे आणि कामालाही मारक नाही."

तर्जुमाताई
आता कसं! "मअ झालिक" या वेळी योग्य जागी आलं. नियम कडक, तरीही काम झालं. तोच शब्द, कतारच्या दाखल्याआधी होता तो नंतर आला आणि तुमच्या बाजूने बोलायला लागला. शेवटी "फिल-खिताम" काढून "व अलैहि" घेतलंत तेही बरं. फिल-खिताम एवढंच सांगतं की निबंध संपत आला. व अलैहि सांगतं की वरच्या गोष्टींवरून हे निघतं. एकच खटकतं. "फल-आमिल" या वाक्यातले साडेसहा तास खरे आहेत का? मधे सुट्टी नसते?

वाळवंटी_वारकरी
न्याहारीची असते. "सुमारे सहा तास" करतो.

दाभोळचे_चाचा
मजकूर उत्तम. "व झालिका लिअन्ना" मधला झालिका मला जास्तीचा वाटतो, नुसतं लिअन्ना पुरतं. पण ठेव, सरांना आवडेल.

अवांतर_आजोबा
विरुद्ध बाजूचा वकील म्हणून उभा राहतो. विश्वचषकाची आठ मैदानं. खलिफा २०१७ मध्ये उघडलं, अल-जनूब २०१९ मध्ये, एज्युकेशन सिटी आणि अहमद बिन अली २०२० मध्ये. तुमचा नियम २०२१ चा. म्हणजे निम्मी मैदानं नियम यायच्या आधीच तयार होती. मग "तरीही विश्वचषक झाला" याला काय अर्थ?

कोथरूडची_केतकी
आजोबा, दीडशे शब्दांचा निबंध आहे, सर्वोच्च न्यायालय नाही.

अवांतर_आजोबा
सर सीरियाचे असतील, पण फुटबॉल बघत असतीलच.

तर्जुमाताई
आजोबांचं ऐका. पुराव्याचं वाक्य आखूड करा: "उरलेली चार मैदानं हा नियम लागू झाल्यावर उघडली." मग "मअ झालिक" मागचं विधान लहान होतं, पण ते कोणाला पाडता येत नाही.

अवांतर_आजोबा
उघडली नंतर, पण बांधली कधी? बरंचसं बांधकाम २०२१ च्या आधीच झालेलं असणार.

वाळवंटी_वारकरी
मग "तिथलं बांधकाम बंद पडलं नाही" एवढंच लिहू का? त्याला तुमची हरकत?

अवांतर_आजोबा
त्याला नाही. पण मग ते फार काही सिद्धही करत नाही. ठरवा तुम्ही.

वाळवंटी_वारकरी
गुरुवारी वही द्यायची आहे. सध्या चार मैदानांचं वाक्य ठेवतोय, "उघडली" या क्रियापदासकट. सरांनी विचारलं तर आजोबांचा नंबर देतो.

दाभोळचे_चाचा
आणि हैथु?

वाळवंटी_वारकरी
काढलं, चाचा.

इंजिनिअर_आई
सुलेखनाच्या वहीचं कोणीच सांगितलं नाही.